अकरा शेरे आणि एक उघडी बाटली

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलचं जर्नल म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या वर्षीच्या सीनिअरचं जर्नल आणायचं, उतरवायचं, सही घ्यायची. यंदा आमच्या नव्या मॅडमनी त्यात एक पाचर मारली. एक प्रयोग प्रत्येकाने स्वतः निवडायचा आणि त्याचा अहवाल आधी कच्चा लिहायचा. तो वर्गातले दोघं जण वाचून शेरे देणार, आणि मग आपण प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यायचं. गुण अहवालाला दहा आणि उत्तराला दहा. हे दुसरे दहा ऐकून वर्गात हशा पिकला होता. प्रत्यक्षात अहवालाला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि उत्तराला दोन आठवडे.

पुढच्या बॅचला हेच करायचं आहे आणि तीन-चार ज्युनिअर मुलींनी विचारलं, म्हणून झालं तसं लिहून ठेवते.

माझा प्रयोग होता आमच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजायचा. आमचं गाव शिरूरकडे. पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, आणि गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी पांढरी होऊन जाते. ५ जानेवारीला, रविवारी, घरून पाच लिटरचा कॅन भरून एस.टी.ने आणला. ६ तारखेला, सोमवारच्या बॅचला, टायट्रेशन केलं. पद्धत नेहमीचीच. ५० मिली पाणी, त्यात सामू १० ठेवणारं अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि बुरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. द्रावण वाइनसारखं लाल असतं. थेंब थेंब सोडत गेलं की जांभळं होतं, आणि लालीचा शेवटचा अंश गेला की स्वच्छ निळं. ईडीटीए ०.०१ मोलर असेल तर त्याच्या एका मिलीला एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, इतका सोपा हिशोब.

माझी रीडिंग्ज आली २२.४, मग २१.५, २१.४ आणि २१.५. चारही रीडिंग्जची सरासरी २१.७, म्हणून जडपणा लिटरला ४३४ मिलिग्रॅम. शेवटी ऐटीत लिहिलं की हे पाणी पिण्यास योग्य आहे. १५ जानेवारीला मसुदा दिला. दोन प्रती काढायच्या होत्या, झेरॉक्सचे अठ्ठावीस रुपये गेले.

उरलेलं पाणी कॅनमध्येच लॅबच्या खिडकीत राहिलं. शनिवारच्या बॅचमधल्या एका मुलाला नमुना मिळाला नव्हता, त्याने विचारलं, मी म्हटलं घे की. त्याने ११ तारखेला त्याच पाण्याचं टायट्रेशन केलं. पुढचं सगळं रामायण या एका "घे की" मुळे झालं.

२० जानेवारीला शेरे हातात आले. नावं नव्हती, फक्त परीक्षक १ आणि परीक्षक २. पण दोन वर्षं ज्यांच्या जर्नलवरून आपण उतरवतो त्यांचं अक्षर ओळखायला कितीसा वेळ लागतो? पहिली माझ्याच बेंचवरची मैत्रीण, दुसरा शनिवारच्या बॅचचा तोच मुलगा. एकूण अकरा शेरे. मैत्रिणीचे सात, त्याचे चार. घरी जाऊन वाचले आणि मला राग आला, खोटं कशाला बोला. त्यातही जिने माझ्याच शेजारी उभं राहून टायट्रेशन केलं, तिने लाल पेनने 'हे चूक आहे' लिहावं याचा.

त्याच रात्री उत्तराचा पहिला खर्डा लिहिला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यातलं एक वाक्य: "परीक्षक २ यांनी बहुधा एंड पॉइंट नीट पाहिला नसावा." दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवला. त्यांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि विचारलं, "तू तिथे होतीस का?" नव्हते. "मग तुला कसं माहीत?" आणि त्यांनी उत्तर कसं मांडायचं ते सांगितलं. कागदावर तीन रकाने. पहिल्यात शेरा जसाच्या तसा, आपल्या शब्दांत नाही. दुसऱ्यात मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, आणि कारण. तिसऱ्यात अहवालात काय बदललं आणि कुठल्या पानावर. अमान्य असेल तर कारण आकड्यात किंवा निरीक्षणात हवं, माणसाबद्दल नको. अहवाल इंग्रजीत होता, पण उत्तर मराठीत चालेल म्हणाल्या, आणि मुदत दिली ४ फेब्रुवारीची.

शेरा जसाच्या तसा उतरवण्याचा फायदा मला लिहितानाच कळला. माझ्या डोक्यात मैत्रिणीचा पहिला शेरा "तुझी सरासरी चूक आहे" असा बसला होता. कागदावर होतं: "पायलट रीडिंग सरासरीत धरली आहे का? धरली असेल तर का?" हा प्रश्न होता, आरोप नव्हता. आणि बरोबर होता. २२.४ ही पायलट. ती घेताना एंड पॉइंट कुठे येणार याचा अंदाज नसतो म्हणून आपण बुरेट भरभर सोडतो आणि पुढे जातो. तिचा उपयोग पुढच्या वेळी एकविसापर्यंत बिनधास्त सोडायला. ती सरासरीत धरली की उत्तर मुद्दाम वर ढकलल्यासारखं होतं. माझं उत्तर: "मान्य. पायलट रीडिंग वगळली. उरलेल्या तिन्हींची सरासरी २१.४७ मिली. पान ३ वरचा तक्ता आणि हिशोब बदलला." एवढंच. मान्य असलेल्या शेऱ्याला लांबलचक आभार किंवा सबबी जोडायची गरज नसते. मी आधी अर्धं पान सबबी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या.

तिचे आणखी तीन शेरे असेच पटकन मान्य केले. एक आकृतीला नाव नसल्याचा. एक ४३४.०० मधल्या दोन शून्यांचा, कारण ज्या बुरेटवर ०.१ मिलीची रेघ आहे तिच्यातून असली अचूकता निघत नाही. आणि एक "मानवी चूक" या शब्दांचा. तिने लिहिलं होतं, कुठली मानवी चूक? मला सांगता येईना. म्हणून ते वाक्य काढून टाकलं आणि त्याजागी एंड पॉइंटला एका थेंबाचा, म्हणजे साधारण ०.०५ मिलीचा संशय राहतो, असं लिहिलं.

तिचा पाचवा शेरा मात्र वेगळा होता: "तिन्ही रीडिंग्ज २१.५ करून टाक, म्हणजे सीबीआर बसेल."

ज्यांनी आपल्याकडे केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स केली आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. तक्त्याखाली सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट बुरेट रीडिंग, असा एक रकाना असतो आणि त्यात एकच आकडा लिहायचा असतो. तो यावा म्हणून तीनही रीडिंग्ज सारख्या 'बसवायच्या' हे बारावीपासून हाताला लागलेलं वळण. तिने वाईट हेतूने लिहिलं नव्हतं. परीक्षेत माझा गुण जाऊ नये म्हणून लिहिलं होतं, त्यामुळे नाही म्हणणं जास्त अवघड गेलं. उत्तर तीनदा लिहिलं. शेवटी असं ठेवलं:

"अमान्य, पण सूचनेमागची काळजी समजते. २१.४ आणि २१.५ मध्ये ०.१ मिलीचा फरक आहे आणि एवढ्या फरकाची रीडिंग्ज एकमेकांशी जुळणारी धरतात. २१.४ चं २१.५ केलं तर सरासरी ०.०३ मिलीने बदलते, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. बदलाने उत्तरात काही फरक पडत नाही, मात्र रीडिंग्ज किती विखुरलेली होती ही माहिती कायमची जाते. सीबीआरच्या रकान्यात सरासरी लिहून तसं नमूद केलं आहे, पान ३."

याचा पुढे उपयोग झाला. माझी तीन रीडिंग्ज एकमेकांपासून ०.१ मिलीच्या आत आहेत, हे नंतर मला पुरावा म्हणून लागलं.

सहावा शेरा सगळ्यात महागात पडला. वेळेने, पैशाने नाही. "ईडीटीए ०.०१ मोलर आहे हे कशावरून? प्रमाणित केलं का?" बाटलीवर चिठ्ठी होती, त्यावर ०.०१ लिहिलं होतं, म्हणून. चिठ्ठीवर तारीख सप्टेंबरची होती. मी अंशतः मान्य असं लिहून सुटका करून घ्यायच्या बेतात होते, 'सगळ्या बॅचने तेच वापरलं' वगैरे. मग वाटलं, करूनच बघू.

लॅब रिकामी मिळायला २३ जानेवारीपर्यंत थांबावं लागलं. त्यासाठी एक साधा अर्ज, मॅडमची सही, मग लॅबच्या मामांची सही, मग वजनकाट्याच्या वहीत नोंद. ओव्हनमध्ये वाळवलेलं कॅल्शियम कार्बोनेट ०.१०० ग्रॅम तोललं, थोड्याशा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलं (फसफसतं, म्हणून फ्लास्कवर वॉच ग्लास ठेवून) आणि डिस्टिल्ड पाण्याने १०० मिली केलं. यातले २० मिली घेतले की ईडीटीए खरंच ०.०१ असेल तर बरोबर २० मिली लागायला हवं.

पहिल्या फ्लास्कला एंड पॉइंटच सापडेना. बोअरच्या पाण्यात लाल-निळा असा टकटकीत फरक दिसला होता, इथे द्रावण कितीतरी वेळ मळकट जांभळंच राहिलं. मला वाटलं बफर बिघडलं. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, यात मॅग्नेशियम नाही, नुसतं कॅल्शियम आहे. असंच होणार." मॅडमनी नंतर कारण सांगितलं. एरिओक्रोम ब्लॅक टी हा निर्देशक कॅल्शियमला सैल धरतो, मॅग्नेशियमला घट्ट. रंगबदल ठसठशीत दिसतो तो मॅग्नेशियममुळे. विहिरी-बोअरच्या पाण्यात ते असतंच, शुद्ध कॅल्शियमच्या द्रावणात नसतं. त्यावर उपाय म्हणून बफरमध्ये मॅग्नेशियमचं ईडीटीए-लवण थोडंसं घालतात. त्यातलं मॅग्नेशियम आधीच ईडीटीएशी जोडलेलं असल्यामुळे मोजमापात भर पडत नाही, रंग तेवढा स्वच्छ होतो. ते घातलं आणि दोन रीडिंग्ज आली, दोन्ही २०.९.

म्हणजे ईडीटीए चिठ्ठीपेक्षा पातळ होतं. एका मिलीला १ नव्हे, २० भागिले २०.९, म्हणजे ०.९५७ मिलिग्रॅम. माझा जडपणा आता असा:

२१.४७ × ०.९५७ × १००० ÷ ५० = ४११ मिलिग्रॅम प्रति लिटर

मसुद्यात ४३४, पायलट काढल्यावर ४२९, आणि आता ४११. मी एंड पॉइंटच्या एका थेंबावर परिच्छेद लिहीत बसले होते. तो थेंब एका मिलिग्रॅमचा आणि ही चूक अठरा मिलिग्रॅमची. या शेऱ्याला मी "पूर्णपणे मान्य" लिहिलं आणि हिशोबाचं अख्खं पान नव्याने जोडलं. मैत्रिणीला कँटीनमध्ये वडापाव खिलवला, तो खर्च वेगळा. (एक शंकूपात्र फुटलं त्याचे ब्रेकेजचे एकशे दहा रुपये मात्र माझे मलाच.)

तिचा सातवा शेरा निष्कर्षाबद्दल होता: "मर्यादा २०० आहे. पाणी पिण्यास अयोग्य असं लिहायला हवं." इथे आम्ही दोघीही अर्ध्या चुकत होतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, जडपणासाठी दोन आकडे देतं. २०० ही स्वीकारार्ह मर्यादा. आणि पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं. ४११ या दोन्हींच्या मधे येतं. तेव्हा "अयोग्य" लिहिणं बरोबर नाही. पण माझं "योग्य" तरी कुठे बरोबर होतं? मी फक्त जडपणा मोजला. नायट्रेट नाही, फ्लोराइड नाही, जंतू नाहीत. एका मोजमापावर पाण्याला प्रमाणपत्र देणारी मी कोण? उत्तर लिहिलं: "अंशतः मान्य. माझा निष्कर्ष मागे घेते, पण सुचवलेला निष्कर्षही घेतलेला नाही. दोन्ही मर्यादा देऊन आकडा त्यांच्या मधे आहे एवढंच लिहिलं आहे, पान ५." आजही हे घरी सांगितलं तर आई म्हणते, आम्ही तीस वर्षं पितोय.

आता परीक्षक २. त्याचे पहिले तीन शेरे व्याकरणाचे आणि मांडणीचे, ते घेतले. चौथा असा होता:

"याच नमुन्याला मला १६.८ मिली लागले. लेखिकेची रीडिंग्ज फार जास्त आहेत. एंड पॉइंट ओलांडला असावा. दोन्ही बॅचची सरासरी घ्यावी किंवा ही रीडिंग्ज वगळावीत."

प्रमाणित ईडीटीएने हिशोब केला तर त्याचा जडपणा ३२२ येतो आणि माझा ४११. एंड पॉइंट ओलांडून जवळपास पाच मिलीचा फरक पडत नाही. पाच मिली म्हणजे शंभर थेंब. आणि तिन्ही वेळा ओलांडला असता तर रीडिंग्ज ०.१ च्या आत कशी राहिली असती? इथवर माझी बाजू पक्की होती. पण त्याची रीडिंग्जही जुळणारी होती, त्याने मला तक्ता दाखवला, १६.८, १६.८, १६.९. तोही ओलांडत नव्हता आणि अलीकडे थांबतही नव्हता. मग दोघंही बरोबर असू तर? ही शक्यता मला चार दिवस सुचली नाही, कारण मी तोवर त्याची चूक शोधत होते.

कॅन अजून खिडकीत होता. २५ जानेवारीला तो रिकामा करून धुवायला घेतला तेव्हा आत हात घातला आणि बोटांना खरखर लागली. उजेडात धरला. पाण्याची पातळी होती तिथवर आतून पांढरट कड, आणि तळाला पिठासारखा थर. घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. थेंबभर आम्ल टाकलं, फसफसलं.

जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि त्याच्या जोरावर कॅल्शियम बायकार्बोनेट म्हणून पाण्यात टिकून असतं. पाणी वर आलं, उघड्यावर उन्हात राहिलं, की तो वायू हळूहळू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतं. म्हणजे त्याने शनिवारी मोजलेलं पाणी खरोखरच कमी जड होतं. सहा दिवसांत जडपणाचा एक भाग कॅनच्या भिंतीवर गेला होता. कॅनचं झाकण पहिल्या दिवसापासून माझ्याकडूनच हरवलेलं, हेही इथे लिहून टाकते.

नुसता अंदाज लिहिला तर मॅडम पुन्हा "तुला कसं माहीत?" विचारणार. २६ तारखेला सुट्टी आणि रविवार एकत्र, घरी गेले. जाऊन-येऊन एस.टी.चे दीडशे रुपये. दोन एक-एक लिटरच्या बाटल्या भरून आणल्या. एक काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, झाकण घट्ट. दुसरी रुंद तोंडाची, झाकण न लावता. २७ ला ताज्या पाण्याचं टायट्रेशन, त्यासाठी तिसऱ्या छोट्या बाटलीतलं पाणी घेतलं: २१.३, २१.३, २१.४. मग दोन्ही बाटल्या आठवडाभर त्याच खिडकीत ठेवल्या. मामांनी त्यावर "हलवू नये" अशी चिठ्ठी लावली, नाहीतर कुणीतरी झाडाला घातलं असतं.

३ फेब्रुवारीला, मुदतीच्या आदल्या दिवशी, मोजलं. बंद बाटली: २१.२, २१.३. उघडी, वरचं निवळ पाणी हलक्या हाताने काढून: १७.४, १७.३. मग उघड्या बाटलीत तळाशी आणि कडेला बसलेल्या थरासकट थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, हलवलं, थर विरघळेपर्यंत थांबले, अमोनियाने आम्लपणा घालवला आणि पुन्हा मोजलं: २१.८. गेलेला जडपणा परत आला होता.

रात्री उत्तर लिहिलं. या वेळी एकदाच लिहावं लागलं:

"सरासरी घेण्याची सूचना अमान्य. मात्र तुमचं १६.८ हे रीडिंग चूक आहे असं मला म्हणायचं नाही. दोन्ही रीडिंग्ज बरोबर आहेत, पण ती एकाच पाण्याची नाहीत. माझं मोजमाप नमुना घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीचं आहे, तुमचं सहा दिवसांनंतरचं, आणि मधल्या काळात कॅन माझ्याकडून उघडा राहिला. उघड्या आणि बंद बाटलीची तुलना पान ६ वर जोडली आहे. दोन वेगळ्या गोष्टींची सरासरी काढली तर ती ताज्या पाण्याचीही नसेल आणि शिळ्याचीही. तुमच्या शेऱ्यामुळे अहवालात नमुना घेतल्याची आणि मोजल्याची तारीख घातली, जी मसुद्यात नव्हती."

खरं तर मसुद्यात ती तारीख असती तर हा शेरा आलाच नसता. पाण्याचा नमुना लगेच मोजता येणार नसेल तर त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली ठेवतात, म्हणजे थर बसत नाही. तेवढं जमत नसेल तर निदान बाटली काठोकाठ भरा आणि तारीख लिहा.

४ तारखेला सगळं दिलं. उत्तर चार पानं, अहवाल सात, प्रिंटचे बावीस रुपये. रांगेत तो पुढे उभा होता. मी म्हटलं, "अरे, तुझा शेरा मी अमान्य केलाय हं." तो म्हणाला, "माहीत आहे मला." आणि स्वतःच्या अहवालात त्याने १६.८ तसंच ठेवून खाली लिहिलं होतं, नमुना सहा दिवस उघडा. आधी खोडून २१ च्या आसपासचं काहीतरी बसवायच्या विचारात होता, हेही त्यानेच सांगितलं.

१० फेब्रुवारीला कागद परत आले. उत्तराला दहापैकी आठ. पान ६ वर मॅडमनी पेन्सिलीने २१.८ भोवती गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं: "ताजं पाणी २१.३. मग हे जास्त कसं? जडपणा वाढला?"

मी हे पाहिलंच नव्हतं. परत आला म्हणून खूश होऊन पुढे गेले होते. बसून हिशोब केला. लिटरभर पाण्यातला थर भिंतीवर बसला, पण आम्ल घालायच्या आधी मी शंभर मिली निवळ पाणी दोन टायट्रेशनसाठी काढून घेतलं होतं. थर मात्र सगळा आतच. म्हणजे हजार मिलीचा थर नऊशे मिलीत विरघळला. निवळ पाण्याचं सरासरी रीडिंग १७.३५, ताज्याशी फरक साधारण ३.९५. हा फरक हजाराने गुणून नऊशेने भागला की ४.३९, आणि बेरीज २१.७४.

माझं रीडिंग २१.८ होतं. उरलेला किंचित फरक रुंद तोंडाच्या बाटलीतून आठवड्यात उडालेल्या पाण्याचाही असू शकतो, पण पाण्याच्या पातळीची खूण मी बाटलीवर केलीच नव्हती. हे सगळं मॅडमच्या पेन्सिलीखाली शाईने लिहिलं, पुढे "मान्य" लिहिलं आणि कागद परत दिला.